कॅन आय की मे आय? वर्गात परवानगी मागताना

«मी शाळेत इंग्रजी शिकवते. चाचणीत प्रश्न होता: शिक्षकांकडे पेन मागण्यासाठी नम्र वाक्य लिहा. एका मुलीने 'एक्सक्यूज मी मॅम, कॅन आय बॉरो अ पेन, प्लीज?' असं लिहिलं. मी 'कॅन' खोडून 'मे' केलं आणि अर्धा गुण कापला. तिच्या वडिलांचं म्हणणं, दोन्ही बरोबर आहे. परवानगी मागताना नम्र वाक्यात कॅन आय आणि मे आय दोन्ही चालतात का?»

दोन्ही चालतात. तो अर्धा गुण मुलीला परत द्या. तिचं वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, अर्थाने स्पष्ट आहे आणि वर्गात बोलायला पुरेसं नम्र आहे. 'मे आय' थोडं जास्त औपचारिक आहे, एवढाच फरक. औपचारिकपणा कमी-जास्त असणं वेगळं आणि चूक असणं वेगळं. गुण चुकीसाठी कापायचे असतात.

तुम्ही असं का केलंत ते मला समजतं, कारण आपल्यापैकी बहुतेकांना हा नियम असाच शिकवला गेला: 'कॅन' म्हणजे क्षमता, 'मे' म्हणजे परवानगी. नियम जुना आहे. सॅम्युएल जॉन्सनने 1755 च्या आपल्या इंग्रजी शब्दकोशात या दोन शब्दांमधला फरक सामर्थ्य आणि परवानगी असाच सांगितला, आणि कवितेत मात्र दोन्हींची सरमिसळ होते अशी नोंदही तिथेच केली. पण भाषा तिथे थांबली नाही. एकोणिसाव्या शतकापासून परवानगीच्या अर्थाचा 'कॅन' छापील इंग्रजीतही दिसतो, आणि आज रोजच्या बोलण्यात परवानगीसाठी 'मे'पेक्षा 'कॅन'च कितीतरी जास्त ऐकू येतो. आजचे शब्दकोश आणि व्याकरणाचे ग्रंथ परवानगी हा 'कॅन'चा एक नेहमीचा अर्थ म्हणूनच देतात. त्यापुढे फार तर 'अनौपचारिक' किंवा 'मेपेक्षा कमी औपचारिक' असा शेरा असतो.

'मे'चा इतिहास पाहिला तर तोही मुळात परवानगीचा शब्द नव्हता. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ताकद असणं, करू शकणं असा होता आणि 'कॅन'चा अर्थ माहीत असणं, येणं असा होता. म्हणजे 'मे' क्षमतेकडून परवानगीकडे सरकला आणि काही शतकांनी 'कॅन' त्याच वाटेने गेला. पहिल्याचं सरकणं शुद्ध आणि दुसऱ्याचं अशुद्ध, असं म्हणायला आधार नाही.

'कॅन'ने संदिग्धता येते, हा दुसरा आक्षेप. 'कॅन आय बॉरो अ पेन' यात आपल्याला पेन घेण्याची ताकद आहे का, असं मूल विचारतं, असा अर्थ कुणी खरोखर घेतो का? मराठीत 'मी आत येऊ शकतो का?' असं कुणी दारात उभं राहून विचारलं, तर आपण त्याच्या पायांतल्या बळाबद्दल विचार करत नाही. विचारणारा कोण, विचारतो कुणाला आणि अडसर कशाचा, यावरून अर्थ ठरतो. अडसर स्वतःच्या क्षमतेचा असेल तर प्रश्न क्षमतेचा होतो, समोरच्याच्या होकाराचा असेल तर परवानगीचा होतो. पेन बाईंच्या टेबलावर आहे, अडसर त्यांच्या होकाराचा आहे, म्हणून इथे दुसरा अर्थ संभवतच नाही.

संदिग्धता कधीच येत नाही असं मात्र नाही. 'कॅन आय फिनिश धिस टुमॉरो?' हे वाक्य घ्या. उद्या पूर्ण केलं तर चालेल का, असं मूल विचारतं की माझ्याने उद्या पूर्ण होईल का, असं? इथे 'मे आय' म्हटलं तर अर्थ एकदम स्पष्ट होतो. पण अशी वाक्यं थोडी असतात, आणि 'मे'ची स्वतःची संदिग्धता त्याहून मोठी आहे. 'स्टुडंट्स मे लीव्ह अर्ली टुडे' म्हणजे विद्यार्थ्यांना आज लवकर जायची मुभा आहे, की ते आज कदाचित लवकर जातील? लेखी सूचनेत हा घोटाळा खरोखर होतो. 'मे' फक्त 'मे आय', 'मे वी' अशा प्रश्नार्थक रूपात निर्मळ असतो, कारण शक्यतेच्या अर्थाने 'मे' प्रश्नात जवळजवळ वापरत नाहीत. शक्यता विचारायला 'माइट', 'कुड' किंवा 'इज इट लाइकली' येतं.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. काही वाक्यांत 'कॅन' चालतो एवढंच नाही, तिथे 'मे'च चुकतो. प्रश्नातला 'मे' ऐकणाऱ्याचा अधिकार गृहीत धरतो. 'मे आय' म्हणजे 'तुम्ही मला परवानगी देता का?' 'कॅन'ला असं बंधन नाही. तो ऐकणाऱ्याची परवानगी विचारू शकतो आणि बाहेरचा नियमही विचारू शकतो. एकच प्रश्न दोन माणसांना विचारून बघा. परीक्षेत गणकयंत्र वापरायचं आहे. शिक्षकांना विचारताना 'मे वी यूज कॅल्क्युलेटर्स इन द टेस्ट?' ठीक, 'कॅन वी' सुद्धा ठीक, कारण निर्णय त्यांच्या हातात आहे. पण हाच प्रश्न शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीला विचारायचा असेल तर 'मे वी यूज कॅल्क्युलेटर्स?' विचित्र वाटतं. परवानगी देणं तिच्या हातात नाही, तिला फक्त नियम माहीत असेल. तिथे 'कॅन वी यूज कॅल्क्युलेटर्स?' किंवा 'आर वी अलाउड टु?' हेच नैसर्गिक. ज्या मुलांना 'परवानगी म्हणजे मे' एवढंच पाठ असतं, ती इथे हमखास चुकतात आणि त्यांची चूक कुणी दाखवतही नाही, कारण वाक्य नियमाप्रमाणे शुद्ध दिसतं.

हाच फरक होकारातही दिसतो. शिक्षक 'यू मे गो' म्हणतात तेव्हा त्यात 'मी परवानगी देते' हा सूर असतो. 'यू कॅन गो' मध्ये 'जायला हरकत नाही' असा मोकळा सूर असतो. म्हणून बरोबरीच्या माणसाला 'यू मे सिट हिअर' म्हटलं तर आपण वरच्या खुर्चीवर बसून बोलतोय असं वाटतं. मुलांना 'मे' नम्र म्हणून शिकवला जातो आणि मग ती मित्राला 'यस, यू मे टेक माय इरेझर' म्हणतात. तिथे 'शुअर', 'ऑफ कोर्स', 'गो अहेड', 'हिअर यू आर' यांपैकी काहीही जास्त बरं. विचारताना जो शब्द नम्र वाटतो तोच उत्तर देताना अधिकाराचा होतो. हे मुलांना एकदा उलगडून सांगायला हवं.

नकारात तर 'मे' जवळजवळ माघारच घेतो. 'मे'चं जोडलेलं नकारी रूप, 'मेन्ट', आजच्या इंग्रजीत सहसा ऐकूच येत नाही. 'मी का जाऊ नये?' असं विचारताना 'व्हाय कान्ट आय गो?' म्हणतात. 'व्हाय मे आय नॉट गो?' पुस्तकी आणि रुसल्यासारखं वाटतं. म्हणजे 'कॅन' परवानगीसाठी चुकीचा मानायचा तर नकारासाठी वेगळं व्याकरण मानावं लागेल. इंग्रजी बोलणारे तसं करत नाहीत.

वर्गातल्या नम्र वाक्यात तिसरा पर्याय 'कुड आय'. माझ्या मते शिकवायला तोच सगळ्यात उपयोगी आहे. तो 'कॅन'पेक्षा मऊ आणि 'मे'पेक्षा कमी ताठ असल्यामुळे शिक्षक, मित्र, अनोळखी माणूस सगळ्यांना चालतो. त्यातली खोच उत्तरात आहे. 'कुड आय ओपन द विंडो?' याचं उत्तर 'यस, यू कुड' असं देत नाहीत. होकार 'यस, यू कॅन', 'यस, यू मे' किंवा 'यस, ऑफ कोर्स' असाच जातो. 'कुड' हा विचारताना सूर मऊ करण्यासाठी आलेला असतो, आणि परवानगी देताना सूर मऊ करायची गरज उरत नाही. प्रश्न ज्या शब्दाने सुरू झाला त्याच शब्दाने उत्तर द्यायचं असं मुलांनी घोकलेलं असतं, म्हणून जोडीने संवाद करायला लावला की ही चूक लगेच वर येते. 'माइट आय' फारच औपचारिक आणि जुनं वाटतं. वाचताना ओळखता आलं म्हणजे झालं.

'कॅन'वर लाल रेघ मारल्याचा खरा तोटा पुढे दिसतो. मी वर्गात आणि वह्यांमध्ये हे अनेकदा पाहिलं आहे. मूल 'कॅन आय' म्हणतं, शिक्षक 'मे आय' करून देतात, असं वारंवार होतं. यातून मुलाला परवानगी आणि क्षमता यांतला फरक कळत नाही. त्याच्या हाती लागतो तो वेगळाच नियम: 'कॅन' उद्धट, 'मे' नम्र. मग ते हा नियम सगळीकडे लावतं आणि शिक्षकांना विनंती करताना म्हणतं, 'मे यू रिपीट द क्वेश्चन, प्लीज?' किंवा 'मे यू हेल्प मी?' हे मात्र खरंखुरं चूक आहे. समोरच्याने काहीतरी करावं अशी विनंती 'मे यू'ने होत नाही. 'कॅन यू', 'कुड यू', 'वुड यू', 'विल यू' यांपैकीच काही हवं. 'मे यू'ने सुरू होणारं वाक्य इंग्रजीत शुभेच्छेचं असतं: 'मे यू लिव्ह लाँग.' म्हणजे जे वाक्य बरोबर होतं ते आपण दुरुस्त केलं आणि त्या दुरुस्तीतून खरी चूक जन्माला घातली. तुमच्या वर्गात 'मे यू' ऐकू येत असेल तर मागे कुठेतरी 'कॅन आय' फार वेळा खोडलं गेलं आहे असं समजायला हरकत नाही.

लाल शाई कुठे वापरायची ते सांगते. 'कॅन आय एबल टु गो' चूक, कारण 'कॅन' आणि 'एबल टु' एकच काम करतात. 'मे आय कॅन गो' चूक, कारण असे दोन सहाय्यक शब्द पाठोपाठ येत नाहीत. 'कॅन आय टु गो' चूक, कारण 'कॅन' आणि 'मे' यांच्यापुढे 'टु' येत नाही. 'मे आय वेंट' चूक, पुढे क्रियापदाचं मूळ रूपच हवं. आणि 'मॅम, आय कॅन गो?' असं फक्त आवाज चढवून विचारलेलं बोलताना निभतं, पण लेखी नम्र वाक्यात 'कॅन आय गो?' असा क्रम हवा. या चुका सुधारल्या नाहीत तर राहून जातात. 'कॅन'च्या जागी 'मे' केल्याने यांतली एकही सुधारत नाही.

आता त्या मुलीचं वाक्य जवळून पाहू, कारण ते छान बांधलेलं आहे. 'एक्सक्यूज मी मॅम' ने तिने आधी लक्ष वेधलं आणि संबोधन वापरलं. 'बॉरो' हा शब्द अचूक निवडला. पुष्कळ मुलं इथे 'लेंड' घालतात, म्हणजे 'कॅन आय लेंड अ पेन' लिहितात, आणि देणारा-घेणाराच उलटतो. 'अ पेन' म्हटलं, कारण कोणतंही पेन चालेल. 'युअर पेन' म्हटलं असतं तर बाईंच्या हातातलंच पेन मागितल्यासारखं झालं असतं. शेवटी 'प्लीज' आहे. वाक्य शुद्ध, क्रम बरोबर, मागणी लहान आणि स्पष्ट. नम्रता या सगळ्यातून मिळून येते. 'मे' वापरूनही उद्धट होता येतं: 'मे आय गो नाऊ?' हे पिशवी खांद्याला लावून, घड्याळाकडे बघत म्हटलं तर त्यात नम्रता उरत नाही. 'कॅन'सोबत संबोधन, 'प्लीज' आणि गरज असेल तर अर्ध्या वाक्याचं कारण आलं, तर शब्द अनौपचारिक असूनही विनंती सौम्य होते. 'माइन हॅज रन आउट ऑफ इंक' एवढं तिने जोडलं असतं तर वाक्य आणखी चांगलं झालं असतं. शेरा लिहायचाच असेल तर तो याबद्दल लिहा.

'प्लीज'ची जागा कुठेही चालते का, हा प्रश्न मुलं विचारतात. शेवटी ठेवणं सगळ्यात सुरक्षित. 'कॅन आय प्लीज बॉरो' मध्येही ठीक, पण मधल्या 'प्लीज'वर जोर दिला तर वैतागल्यासारखं ऐकू येतं. सुरुवातीला 'प्लीज कॅन आय' लहान मुलांच्या तोंडी गोड वाटतं, मोठ्यांच्या तोंडी थोडं आर्जवी.

वर्गात तोंडी बोलताना काय करायचं? मुलाने 'कॅन आय ड्रिंक सम वॉटर?' विचारलं तर 'आय डोन्ट नो, कॅन यू?' असं उत्तर देण्याची एक जुनी शिक्षकी पद्धत आहे. ती सोडून द्या. मुलाचा अर्थ आपल्याला कळलेला असतो आणि न कळल्याचं दाखवून आपण त्याला सगळ्यांसमोर अडवतो. जे मूल मुळातच इंग्रजीत तोंड उघडायला घाबरतं ते पुढच्या वेळी विचारतच नाही. पाणी पिऊ द्या. औपचारिक रूप शिकवायचं असेल तर उत्तरातच ते ऐकवा: 'यस, यू मे.' किंवा वेगळा तास घेऊन एकच मागणी तीन माणसांकडे करायला लावा, मैत्रीण, शिक्षक आणि पहिल्यांदाच भेटणारे पाहुणे. कुणापुढे कोणता शब्द आपोआप येतो ते मुलांनाच बघू द्या. असा तास घेतल्यावर मैत्रिणीपुढचं 'मे आय' ऐकून मुलं स्वतःच म्हणतात की हे फार कडक वाटतंय.

राहिला चाचणीचा प्रश्न, आणि इथे दुरुस्ती प्रश्नपत्रिकेतच हवी. 'नम्र वाक्य लिहा' एवढंच विचारलं तर 'कॅन आय', 'कुड आय', 'मे आय' तिन्हींना पूर्ण गुण द्यावे लागतील. गाळलेल्या जागेत फक्त '_____ आय बॉरो अ पेन, प्लीज?' दिलं तरी तेच. 'मे'च हवा असेल तर प्रसंग तसा बांधा आणि अट उघड लिहा: 'मुख्याध्यापकांच्या दालनात जाण्याआधी अतिशय औपचारिक भाषेत परवानगी मागा.' तरीही 'कुड आय' लिहिणाऱ्याला मी पूर्ण गुण देईन, आणि 'कॅन आय' लिहिणाऱ्याचा गुण औपचारिकतेच्या निकषावरच कापेन, शेऱ्यातही तसंच लिहीन. मुलाला 'हे चूक आहे' आणि 'इथे आणखी औपचारिक शब्द हवा होता' यांतला फरक शेऱ्यातून कळला पाहिजे. पर्याय देऊन विचारत असाल तर 'कॅन' आणि 'मे' एकाच प्रश्नाच्या पर्यायांत ठेवू नका, दोन बरोबर उत्तरं होतात. त्याऐवजी 'मे', 'मस्ट', 'शुड', 'नीड' असे पर्याय द्या, म्हणजे परवानगी, सक्ती, सल्ला आणि गरज यांतला फरक तपासला जाईल.

पुढे अप्रत्यक्ष कथनाचा पाठ येईल तेव्हा हाच घोळ पुन्हा समोर येतो, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. 'मे आय लीव्ह?' याचं रूपांतर जुन्या पद्धतीने 'शी आस्क्ड इफ शी माइट लीव्ह' असं करतात. ते बरोबर आहे, पण आज 'शी आस्क्ड इफ शी कुड लीव्ह' जास्त नेहमीचं आहे. 'कॅन आय लीव्ह?' याचंही रूपांतर 'कुड'नेच होतं. उत्तरपत्रिका तपासताना 'माइट' आणि 'कुड' दोन्हींना गुण द्या. फक्त 'इफ'नंतर 'कुड शी लीव्ह' असा प्रश्नाचा क्रम राहिला असेल तर तिथे खूण करा, ती खरी चूक आहे.